न सांगता झालेला पेपर

माझी मुलगी तिसरीत होती तेव्हाची गोष्ट. ती अमरावतीला, मी धारणीला. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. धारणीत एक खोली भाड्यानं घेतली होती आणि तिथून रोज जीपनं पुढच्या गावातल्या शाळेत जायचे. नवरा अमरावतीच्या कोर्टात वकिली करायचा, त्याला गाव सोडणं शक्य नव्हतं. मुलीची शाळा अमरावतीतली, चांगली, घराजवळची. सासूबाई घरी होत्या, त्यामुळे मुलगी तिथेच राहिली. शनिवारी शाळा सुटली की मी एसटी धरायची. सेमाडोहला गाडी चहाला थांबायची, मग घाट उतरून परतवाडा, आणि घरी पोचेपर्यंत दिवेलागण होऊन गेलेली असायची. रविवारी दुपारनंतर परत निघायचं. असं सगळं ठरलेलं होतं, आणि बाहेरून बघणाऱ्याला त्यात काही दुःखाचं दिसलं नसतं. नोकरी होती, घर नीट चाललेलं होतं, मुलगी हुशार होती.

फक्त रोज संध्याकाळी, साधारण तिची शाळा सुटायच्या वेळेला, माझं कशात लक्ष लागायचं नाही. आता दप्तर कुठं टाकलं असेल, बूट काढले असतील की तशीच आत गेली असेल, डब्यात काय उरलं असेल. फोनवर विचारलं तर ती म्हणायची, "सगळं ठीक आहे आई." आठ वर्षांच्या पोरीनं 'सगळं ठीक आहे' म्हणावं, याचंच मला वाईट वाटायचं.

त्या वर्षी पोळा झाल्यावर सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. माझी नणंद अकोल्याला असते. तिच्या ओळखीचे डॉक्टर, म्हणून ऑपरेशन तिकडेच करायचं आणि आठवडाभर तिच्याकडेच राहायचं असं झालं. नवरा आईला घेऊन जाणार होता आणि तिथेच थांबणार होता. मुलीचं काय करायचं हा प्रश्न आला. त्याच दिवसांत तिच्या शाळेचं परिपत्रक पालकांच्या ग्रुपवर आलं होतं. त्यानं ते वाचलं आणि मला फोन केला.

"परीक्षा दिवाळीच्या आधी आहे, आता काही नाही," तो म्हणाला. "तुह्याकडे पाठवून देऊ का आठ दिवस?"

मी परिपत्रक उघडायचा प्रयत्न केला होता. आमच्याकडे नेटवर्क असं, की फोटोच्या जागी नुसता धुरकट चौकोन दिसायचा आणि त्यावर गोल फिरत राहायचा. पण मुलगी आठ दिवस माझ्याकडे येणार हे ऐकल्यावर मी त्या चौकोनाकडे परत पाहिलंच नाही. म्हटलं, "पाठवा. लगेच पाठवा."

तो तिला परतवाड्यापर्यंत घेऊन आला, मी तिथं जाऊन तिला घेतलं. घाटात तिला मळमळलं, ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. गाडीत उभ्या असलेल्या एका बाईनं स्वतःच्या पिशवीतलं लिंबू काढून दिलं.

तो आठवडा मला आजही तसाच्या तसा आठवतो. सकाळी ती माझ्याबरोबर जीपमध्ये बसायची. माझ्या शाळेतली मुलं कोरकू. घरी त्यांची भाषा वेगळी, शाळेत आल्यावर मराठी. पहिल्या दिवशी ती माझा पदर धरून होती. दुसऱ्या दिवशी हातपंपावर मुलींच्या रांगेत उभी दिसली. तिसऱ्या दिवशी घरी आल्यावर मला म्हणाली, "आई, डा दे." मला आधी कळेना. मग लक्षात आलं, पाणी मागते आहे. मुलांकडून शिकली होती. पावसाळ्यात हातपंपाला गढूळ पाणी येतं म्हणून आम्ही शाळेत दोन घागरींवर फडकं बांधून पाणी गाळायचो. ते काम तिनं आपल्याकडे घेतलं. फडकं किती वेळा धुवायचं, कोणती घागर आधी भरायची, यावरून तिची एका मुलीशी भांडणं व्हायची आणि जेवणाच्या सुट्टीत गट्टी व्हायची.

संध्याकाळी खोलीवर आम्ही दोघीच. मी स्वयंपाक करायची, ती ओट्याखाली बसून बडबडायची. केस विंचरताना ती डोकं मागे टाकून माझ्याकडे उलटं बघायची. मी तिला झोपवायची आणि स्वतः जागी राहायची, उगीच तिच्याकडे बघत. तिचे दात पडून नवे आले होते, ते मला नीट असे तेव्हाच दिसले.

रविवारी तिला अमरावतीला सोडलं. सासूबाई काळा चष्मा लावून अकोल्याहून परतल्या होत्या. म्हणाल्या, "पोरगी जाड झाली वं! काय खाऊ घातलं?" मी हसले आणि त्याच दिवशी परत निघाले.

पंधरा दिवसांनी नवऱ्याचा फोन आला. आवाज वकिलाचा नव्हता, घाबरलेल्या बापाचा होता.

"शाळेतून नवीन परिपत्रक आलं. म्हणते, आकारिक मूल्यमापनाच्या उपक्रमांना जे विद्यार्थी गैरहजर होते, त्यांना त्या घटकात शून्य गुण देण्यात येतील. हे काय झंझट आहे? तो आठवडा तोच होता काय?"

मी त्याला दोन्ही परिपत्रकं वाचून दाखवायला सांगितलं. पहिल्यात लिहिलं होतं: 'प्रथम सत्राचे आकारिक मूल्यमापन विहित साधनतंत्रांनुसार वर्गस्तरावर करण्यात येईल. संकलित मूल्यमापनाचे वेळापत्रक सोबत जोडले आहे. पालकांनी नोंद घ्यावी.'

"वेळापत्रक संकलितचं होतं," तो म्हणाला. "आकारिकचं नव्हतं. मग मी समजलो, ते काहीतरी शाळेचं आतलं काम असंन. आकार-बिकार, अक्षर सुधारायचं वगैरे. खरी परीक्षा संकलित."

मला हसू आलं नाही. हा माणूस कायद्याचे कागद रोज वाचतो. त्याला हे कळलं नव्हतं, तर बाकीच्यांचं काय झालं असेल?

"तिसरीत शंभरातले साठ गुण आकारिकचे असतात," मी सांगितलं. "संकलितचे चाळीसच."

तो हळूच म्हणाला, "म्हणजे मोठी परीक्षा ही होती आणि आपण तिला घाटात पाठवली."

"तशी ती परीक्षा नसतेच," मी म्हणाले, पण तेवढ्यात रेंज गेली. ते वाक्य अर्धवट मनात घेऊन मी रात्र काढली. माझ्या वर्गात मी ज्याच्या नोंदी रोज करते, ते माझ्याच घरात कुणाला माहीत नव्हतं. कसं असणार? मी घरी रविवारची असायचे, आणि रविवारी मी माझ्या शाळेविषयी बोलत नसे.

पुढच्या शनिवारी पालकसभा होती. मी रजा टाकली आणि आदल्या संध्याकाळीच पोचले.

सभा दुसरीच्या वर्गात होती. बाक लहान, पालक मोठे. गुडघे वर घेऊन सगळे बसले होते. मुख्याध्यापिका बाईंनी परिपत्रकातलीच वाक्यं पुन्हा वाचली. साधनतंत्रे, भारांश, श्रेणी. मुलीच्या वर्गशिक्षिका एका कडेला उभ्या होत्या, वयानं लहान, चेहरा ओढलेला. वर्गात मुलं भरपूर, प्रत्येकाच्या नोंदी त्यांच्या एकटीवर. त्यांनी सगळे उपक्रम एकाच आठवड्यात का कोंबले असतील, हे मला न विचारताच कळत होतं.

वाचन संपल्यावर वलगावकडून आलेले एक गृहस्थ उभे राहिले. शेतीचं काम टाकून आले होते, पायजम्याच्या कडेला काळी माती वाळलेली.

"मॅडम, मले एक सांगा. म्हणजे साठ मार्काचा पेपर आमाले न सांगताच झाला का?"

वर्गात हशा झाला, पण ते हसले नाहीत. "नाही, खरंच विचारून राहिलो. माहा पोरगा तापानं पडला होता त्या आठवड्यात. त्याले शून्य देसान काय?"

मागून एक आई म्हणाली, "माझा मुलगा लेखीत चाळीसपैकी अडतीस काढते. हे साठचं गाईड कुठं भेटते? सांगितलं तर आणून देऊ."

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "ताई, त्याचं गाईड नसतं."

"मग अभ्यास काय करायचा?"

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी उठले. मला सभेत बोलायची सवय नाही, मुलांसमोर बोलण्याची आहे. मी सांगितलं की मीही शिक्षिका आहे, धारणीकडे असते, आणि माझी मुलगी याच वर्गात आहे, तीही त्या आठवड्यात नव्हती.

"आकारिक म्हणजे पेपर नाही," मी म्हणाले. "मूल शिकत असताना त्याच्याकडे बघत राहायचं, त्याला आकारिक म्हणतात. रोजचं निरीक्षण, तोंडी विचारणं, प्रयोग, प्रकल्प, वर्गातलं काम, एखादी छोटी चाचणी, हे सगळं त्यात येतं. बघायचं कशासाठी, तर अडलं असेल तर तिथल्या तिथं मदत करता यावी म्हणून. समजा एखादा मुलगा वजाबाकीत हातचा घ्यायला विसरतो. ते ऑगस्टमध्ये बाईंना दिसलं तर ऑगस्टमध्ये सुधरतं. आणि संकलित म्हणजे सत्र संपल्यावर, सगळं शिकवून झाल्यावर, एकूण किती आलं ते एकत्र बघणं. ते दिवाळीच्या आधी. त्यातही सगळं लेखी नसतं, थोडं तोंडी असतं."

वलगावचे गृहस्थ अजून उभेच होते. "मंग जो शिकताना आजारी होता, त्याचं काय?"

"तेच मला बाईंना विचारायचं आहे," मी मुख्याध्यापिकांकडे वळले. "मूल वर्षभर शिकतं. एका आठवड्यात नव्हतं, म्हणून त्याला काहीच येत नाही असं कसं म्हणायचं? शून्य म्हणजे बघितलं आणि काही आलं नाही. इथं तर अजून बघितलंच नाही. आमच्या शाळेत मुलं कापणीला, जत्रेला जातात, चार-चार दिवस येत नाहीत. आली की आम्ही दुसऱ्या दिवशी तोंडी घेतो. आकारिक असल्यामुळेच तसं करता येतं."

मी खाली बसले. पाहुणीनं येऊन घरातल्यांना शिकवावं तसं तर झालं नाही ना, असं वाटत होतं. मुख्याध्यापिकांनी वर्गशिक्षिकांना विचारलं, "दिवाळीच्या आत राहिलेल्या मुलांचं घेता येईल का?" त्या लगेच म्हणाल्या, "येईल मॅडम. मला तेच विचारायचं होतं, पण परिपत्रक निघून गेलं होतं."

"मग दुसरं काढू," मुख्याध्यापिका म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघून, अगदी सहज, "तुम्ही आत्ता बोललात तसंच लिहून द्या. आमच्याच्यानं ते सरकारी भाषेतच होतं."

सभा संपल्यावर मी आणि वर्गशिक्षिका तिथंच बसलो आणि नवं परिपत्रक लिहिलं. 'विहित' काढलं, 'भारांश' काढला. तिसरी-चौथीला साठ आणि चाळीस, हे सरळ लिहिलं. जी मुलं आजारपणामुळे किंवा घरच्या अडचणीमुळे नव्हती, त्यांचं तोंडी काम आणि उपक्रम दिवाळीच्या आत नंतर घेतले जातील, शून्य दिलं जाणार नाही, हेही लिहिलं. शेवटी त्यांनी स्वतःचं एक वाक्य घातलं: 'यासाठी वेगळ्या शिकवणीची गरज नाही, मुलाला रोज शाळेत पाठवा आणि त्याच्याशी बोला.'

लिहून झाल्यावर त्या म्हणाल्या, "तुमच्या मुलीच्या वर्णनात्मक नोंदी मी सुरू केल्यात. सांगू?"

मी मान हलवली.

"उत्तर येत असलं तरी आधी इकडेतिकडे बघते, दुसऱ्या कुणाला द्यायचंय का ते. मग बोलते. गणित सोडवताना पुटपुटते, ओठांनी. वर्गात एक नवी मुलगी आली, तिला मराठी नीट येत नाही, तर ही तिला वस्तू दाखवून शब्द सांगते. आणि डबा खाताना शेवटचा घास नेहमी ठेवते. का ते सांगत नाही."

यातलं मला काहीही माहीत नव्हतं. मला तिचे संकलितचे गुण माहीत होते, पहिलीपासूनचे. सर्दी कधी झाली ते माहीत होतं, फोनवर कळायचं. पण गणित करताना ती पुटपुटते हे मला कधी दिसलंच नव्हतं, कारण रविवारी ती गणित करत नसे. रविवारी आम्ही बाहेर जायचो.

बाईंना माझ्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असावं. त्या म्हणाल्या, "आज मुलं वरच्या वर्गात चित्रकलेला आहेत. तिचं परिसर अभ्यासाचं तोंडी आत्ताच घेऊन टाकते. तुम्ही व्हरांड्यात थांबा. तुम्हाला बघून ती बोलणार नाही."

मी खिडकीच्या बाजूला भिंतीला टेकून उभी राहिले. आत ती, आणखी दोन मुलं, त्यांतला एक वलगावचा. विषय होता पाणी. तापातून उठलेल्या पोरानं विहीर, मोटार आणि ती कधी बंद पडते हे भराभर सांगितलं. बाईंनी मधेच विचारलं, "मग मोटार बंद पडली की काय करता?" तो म्हणाला, "बाबा शिव्या देते." बाई हसल्या आणि "बरोबर" म्हणाल्या.

मग तिचा आवाज आला. फोनवर येतो त्यापेक्षा मोठा, ठाम.

"माझ्या आईच्या शाळेत हातपंप आहे. पावसात त्याचं पाणी लाल येतं. मग दोन घागरी घ्यायच्या. एकीच्या तोंडावर फडकं बांधायचं. फडकं चारपदरी पाहिजे. माती वर राहते, पाणी खाली जातं. पण ते तसंच प्यायचं नाही, उकळायचं. तिथं पाण्याला डा म्हणतात."

"हे तुला कुणी शिकवलं?" बाईंनी विचारलं.

"आईनं. म्हणजे मला नाही, तिथल्या मुलांना. मी बघितलं." मग ती म्हणाली, "आई तिथं रोज बघते, सगळ्यांनी पाणी प्यायलं का. कोण नाही आलं तर घरी जाते विचारायला."

तिच्या बोलण्यात कसलीही तक्रार नव्हती. ती कौतुकानं सांगत होती. मी भिंतीला टेकून उभी होते आणि मला वाटत होतं, तिनं तक्रार केली असती तर बरं झालं असतं.

ती बाहेर आली तेव्हा मी डोळे पुसून घेतले होते. तिनं मला बघून विचारलं, "तू ऐकलंस?"

"थोडं."

"चारपदरीच ना?"

"चारपदरीच," मी म्हणाले. ती समाधानानं उड्या मारत जिना चढून चित्रकलेला गेली.

त्या संध्याकाळी मी तिला बाहेर नेलं नाही. म्हटलं, तू तुझा अभ्यास कर, मी इथं बसते. तिला नवल वाटलं. तिनं वही काढली. खरंच ती पुटपुटत होती. मला बघून थांबली, मग विसरली आणि परत सुरू झाली. सासूबाई आतून म्हणाल्या, "काहून बसली वं नुसती? दमली असशीन, पड जराशी." मी म्हणाले, बसू द्या. रविवारी दुपारची गाडी मी सोडली, शेवटची धरली. धारणीला पोचले तेव्हा सगळं गाव झोपलं होतं.

त्या सत्राची प्रगतिपत्रिका दिवाळीच्या आधी मिळाली. परिसर अभ्यासात अ-१ होती, सगळ्यात वरची श्रेणी. गणितात जरा खाली. नवऱ्यानं ती मला फोनवर वाचून दाखवली, आणि आधी श्रेणी नाही, तर बाईंनी लिहिलेल्या नोंदी वाचल्या. मी काही सांगितलं नव्हतं, त्यानं आपणहूनच तसं केलं. मग दर आठवड्याला तो बाईंना विचारून मला मेसेजवर काहीबाही कळवू लागला. आज फळ्यावर गेली. आज रुसली होती. मी त्या ओळी जीपमध्ये पुन्हापुन्हा वाचायची, आणि माझ्या वर्गात एखादा पोरगा पाटीवर वाकून पुटपुटताना दिसला की मला तिच्याजवळ गेल्यासारखं वाटायचं, आणि लगेच कळायचं की गेलेलं नाही.

बदली मागत राहिले. अखेर गेल्या उन्हाळ्यात भातकुली तालुक्यातली शाळा मिळाली. आता मी रोज संध्याकाळी घरी असते. पहिल्या दिवशी धावतपळत आले, पोहे केले, दोन बशा काढल्या. मुलगी आता आठवीत आहे. शाळेतून शिकवणीला, शिकवणीतून मैत्रिणीकडे जाणार होती. तिनं मेसेज केला होता, जेवायला येते.

पोहे झाकून ठेवले आणि मी दाराशी खुर्ची घेऊन बसले. समोरच्या घरातल्या बाई म्हणाल्या, "आज घरी?" मी म्हणाले, "हो, आता रोजच." रस्त्यावर शाळा सुटलेली लहान मुलं चालली होती, दप्तरं घेऊन, बूट घासत. त्यांतल्या तिसरी-चौथीच्या वयाच्या मुली कुठल्या ते मला लांबूनच ओळखू येत होतं.